अप्पांनी फी भरली

बन्सीधरला उर्दू शिकायची होती, आणि ती काही हौस म्हणून नाही. गावाकडं बोरीला त्याच्या बापाच्या शेताचा दावा चालला होता, तेव्हा कचेरीतून उर्दूत समन्स आलं. घरात कुणाला एक अक्षर लागेना. उद्या वाचून घेऊ, परवा वाचून घेऊ म्हणता म्हणता तारीख गेली आणि तारखेमागं ओढ्याकाठचा तुकडाही गेला. निजामाचं राज्य! तुमच्या रानाचा निकाल तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत लागायचा.

परभणीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, ईश्वरअप्पांच्या आडतीवर बन्सीधर कारकून होता. मोंढ्यामागं एका मौलवीसाहेबांनी नोकरदारांसाठी संध्याकाळचा उर्दूचा वर्ग काढला. वर्ग दिवेलागणीला, परीक्षा वर्षानं हैदराबादला. पास झालं की सरकारी नोकरीचं दार किलकिलं व्हायचं.

एका सकाळी धीर करून तो गादीपुढं उभा राहिला. तिथं शेजारचे आडते सांबप्पा आणि आणखी दोघं-तिघं पान लावत बसले होते.

"अप्पा, मला उर्दूच्या वर्गाला जायचंय. सांजच्याला तासभर आधी सोडा, परीक्षेला आठ दिवस रजा द्या, आन फीचा निम्मा भार उचला. मंग दुकानाचे कचेरीतले कागद मीच लिहीन. अर्जनवीसाची मिनतवारी नको."

"निम्मा कामून रे?" अप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "सगळी फी मी भरतो! इद्यादान हाय हे."

"वा अप्पा, मन लय मोठं हाय तुमचं," सांबप्पा म्हणाले.

अप्पा मग जरा पुढं सरकले. "पण शिकून उडून गेलास तर? पास झाल्यावर पाच वर्षं याच गादीवर राबायचं. उचल बेल."

महादेवाच्या देवळात बन्सीधरनं बेलभंडार उचलून शपथ घेतली. आनंदानं त्याचे डोळे भरले होते, भोळा सांब! घरी बायकोनं, कमलबाईनं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन तासभर आधी सोडायचं काय म्हणले?"

"फी भरणारा माणूस सोडंल की. वर आणि तेबी इचारणं बरं दिसलं नसतं."

"तुमी बेल उचलला. मालकानं काय उचललं?" ती म्हणाली. बायकांना काय कळतं, असं म्हणून तो जेवायला बसला.

फी त्याच दिवशी पोचती झाली. पहिल्या संध्याकाळी बन्सीधर टोपी नीट करून उठला, तोच पाथरीकडच्या कापसाच्या गाड्या आल्या.

"अरे जा की, मी कुठं धरलंय तुला?" अप्पा म्हणाले. "एवढ्या गाड्या तेवढ्या उतरून घे."

त्या उतरेपर्यंत वर्ग सुटला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाड्या. गाड्या नसल्या तर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करायच्या, पट्ट्या झाल्या तर सोनपेठला अप्पांच्या पुतणीचं लगीन. नाही म्हणून अप्पा कधी म्हणालेच नाहीत. दिवेलागण झाली की नेमकं त्यांना काहीतरी आठवायचं, आणि मोंढ्यात मात्र ज्याला त्याला सांगायचे, "आमचा बन्सी उर्दू शिकायलाय, आमच्या खर्चानं."

मौलवीसाहेब एकदा रस्त्यात भेटले. "फीस तो आ गई मियाँ, तुम कब आते?" बन्सीधरनं गाड्यांचं सांगितलं. "हाजरी नहीं तो इम्तिहान को नाम कैसा भेजूँ?" म्हातारा हळहळत निघून गेला.

त्या दिवशी बन्सीधरचं डोकं फिरलं. तडक गादीपुढं आला. सांबप्पा होतेच बसलेले.

"अप्पा, मला वर्गाला सोडा. न्हाईतर नोकरीच सोडतो. जिनिंगवाले नोकरी देत्यात, संध्याकाळी मोकळंबी करत्यात."

"सोडायचं कुठं ठरलं होतं?" अप्पांनी शांतपणे विचारलं. "फी ठरली होती. भरली का न्हाई? सांग सांबप्पांपुढं."

"भरली."

"मंग? बेल उचललायस तू. पाच वर्षं."

"पर पास झाल्यावर पाच वर्षं, अप्पा! मी तर शिकलोच न्हाई. वर्गाची पायरीबी चढलो न्हाई!" बन्सीधरला वाटलं, आता मात्र यांना धरलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि लेकराला समजवावं तसं मायेनं म्हणाले, "तेच म्हणायलोय मी. पास झाल्यावर पाच वर्षं. तू अजून पास कुठं झालास? म्हणजे तुझी पाच वर्षं अजून सुरूच झाली न्हाईत बघ. ती सरल्याबिगर बेल सुटत न्हाई."

सांबप्पांनी पान तोंडात टाकलं आणि खुशाल मान डोलावली. बन्सीधर उभाच राहिला. देवाची शपथ मोडायची त्याची छाती नव्हती, आणि हे अप्पांना त्याच्याहून आधी ठाऊक होतं.

बाहेर दिवेलागण झाली होती.

"उभा का राहिलास?" अप्पा म्हणाले. "कंदील लाव. गाड्या आल्यात."

त्यानं कंदील लावला.