कापसाच्या फुलातले काटेरी सोने

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, अंबाल्याच्या एका कारखान्यात माझी पितळी नळी घडली. माझी उमेदीची वर्षे मात्र गेली ती अकोल्याच्या जुन्या शहरात, जीवशास्त्र शिकवणाऱ्या शेषराव सरांच्या घरी. कांद्याचा पापुद्रा, डबक्यातले पाणी, माशीचा पंख, काय काय दाखवले मी! पाहणारा आधी "अरे बापरे" म्हणायचा आणि मग डोळा काढायचाच नाही. ते खिळून राहणे हेच माझे कौतुक होते.

पुढे सरांची नजर मंदावली. त्यांनी मला पुसले, पेटीत ठेवले आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रतीक्षा हिच्याकडे चांदूर बाजारला पाठवले. ती तिथे नुकतीच शिक्षिका झाली होती.

प्रतीक्षा हरखली. 'निवांत बसून छान लिहू' म्हणून तिने आभाराचा संदेश उद्यावर टाकला. उद्याचा परवा झाला, आठवडे गेले. मग तिला लाजच वाटू लागली. माझी पेटी दिसली की ती नजर वळवायची. अंधारात मला वाटे, सर काय समजत असतील?

एका सकाळी शेतातून आणलेले कापसाचे फूल पाहून तिने मला खिडकीशी मांडले. फुलातली चिमूटभर पूड काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली, आरसा उजेडाकडे वळवला आणि डोळा लावला.

"आई, लवकर या!"

तिच्या सासूबाई आशाबाई आल्या. उभा जन्म कापूस वेचलेली ती बाई वाकली आणि वाकलेलीच राहिली. "अवं माय! एवढ्याशा पुडीत सोन्याचे काटेरी गोळे?"

प्रतीक्षाने तिथेच मोबाइल घेतला. नवी नोकरी, परीक्षा, ताप, उशिराची सगळी कारणे सरांना लिहून तिने ती आशाबाईंना वाचून दाखवली.

आशाबाई म्हणाल्या, "हे वाचून त्यायलेच तुही समजूत घालावी लागन. उशीर झाला तं झाला म्हन. काय पाह्यलं ते सांग."

प्रतीक्षाने सारे पुसून नव्याने लिहिले :

"सर, नमस्कार. सूक्ष्मदर्शक केव्हाच मिळाला. कळवायला फार उशीर केला, माफ करा. आज त्यातून कापसाचे पराग पाहिले. एवढी वर्षे हे दाराशी होते आणि मी पाहिलेच नव्हते! उद्या वर्गाला दाखवीन. तुमची इतकी जिवाची वस्तू मला दिलीत, मनापासून आभार."

दुसऱ्यांदा माफी नाही की एकही सबब नाही. तिने संदेश पाठवला.

दुपारी मोबाइलवर सरांचा आवाज आला. ते म्हणाले, "पोरी, परागाचे काटे दिसले तुले? मले वाटलं, पेटी बंदच हाय. आता भेंडीचं फूल ठेव अन् काय दिसते ते सांग मले. तुह्या डोळ्यानं पाहतो."

मित्रांनो, मला जपायचे तर नुसते पुसून ठेवू नका, माझ्यातून पाहा. आणि ज्याने मला तुमच्या हाती दिले, त्याला दोन ओळी लिहा, उशीर झाला असला तरी. दूर कुठेतरी एक म्हातारा माणूस त्या दोन ओळींतून पुन्हा पाहू लागतो.