बोरदरीतला एकमेव पुरुष

पल्लवीचा निकाल इतका झकास आला, की तिच्या गाइड सरांनी चक्क पेढे आणले. हे सर म्हणजे कुणाच्या बारशालाही हात हलवत जाणारे. त्यांनी पेढे आणले म्हटल्यावर सगळ्या विभागात कुजबुज सुरू झाली.

पल्लवी कळमनुरीची. पीएचडीचं चौथं वर्ष संपत आलेलं, फेलोशिपचे तीन महिने उरलेले आणि घरी आई रोज फोनवर विचारणारी, "झालं का गं तुझं ते पोटाचं?" तिचा विषय पोटाचाच होता. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदतात. कुणाच्या पोटात कोणते, किती आणि किती प्रकारचे, हे बघायचं. त्यासाठी काय लागतं, ते सभ्य माणसांत बोलत नाहीत. पण पल्लवी बोलायची. चार वर्षांत तिची भीड पार चेपली होती.

औंढा तालुक्यात जवळा बाजारच्या अलीकडे बोरदरी नावाचं गाव आहे. तिथली अठरा जोडपी तिने निवडली. शिवाय शहरातली पंधरा. प्रत्येकाला एक झाकणाची डबी द्यायची, डबीत नमुना टिकवणारा द्रव. सकाळी चमच्याने शेंगदाण्याएवढं आत टाकायचं, झाकण लावायचं, हलवायचं, झालं. पुढे प्रयोगशाळेत त्यातला सगळाच्या सगळा डीएनए वेगळा काढायचा, यंत्राने त्याचे कोट्यवधी तुकडे वाचायचे आणि कोणता तुकडा कोणत्या जिवाणूचा ते संगणकाकडून ओळखून घ्यायचं.

निकाल असा, की बोरदरीतल्या नवरा-बायकोच्या पोटात काडीचाही फरक नाही! शहरातल्या जोडप्यांचं मोजलं, तर दोघांतलं अंतर शून्य पूर्णांक पाचच्या आसपास. शून्य म्हणजे हुबेहूब, एक म्हणजे काहीच सारखं नाही. बोरदरीत सतरा जोडप्यांचं अंतर शून्य पूर्णांक शून्य पाच. विविधतेचा शॅनन निर्देशांकही जोडीजोडीने सारखा. एका बायकोचा चार पूर्णांक दोन, तर तिच्या नवऱ्याचाही चार पूर्णांक दोन.

"एक चूल, एक पाणी, एक संसार!" सर पेढा खात म्हणाले. "बाई, हे जगात कुणाला सापडलेलं नाही."

"पण सर, एक जोडपं वेगळं आहे. त्यांचं अंतर शून्य पूर्णांक बावन्न येतंय."

"कोण ते?"

"ग्यानोबा आणि मिराबाई."

"भांडत असतील. काढून टाक त्यांना."

पल्लवीने पेढा घेतला, पण तो काही गोड लागेना. सतरा घरांत एकोपा आणि भांडण एकाच घरात, हे तिला पटेना. कळमनुरीत ती ज्या गल्लीत वाढली, तिथे तरी हिशोब बरोबर उलटा होता.

आता एक गंमत सांगायला हवी. डबीतल्या मालात जिवाणूंबरोबर त्या माणसाचाही थोडा डीएनए येतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशी झडतात ना, त्यांचा. तो कामाचा नसतो, म्हणून पहिल्याच पायरीला गाळून बाजूला टाकतात. पल्लवीनेही टाकला होता. त्या दुपारी तिने तीच टाकलेली फाइल उघडली. डबीमागे काही हजार तुकडे होते. तेवढ्यात माणसाचं नाव कळत नाही, पण बाई की पुरुष ते कळतं. पुरुषात वाय गुणसूत्राचे तुकडे हवेतच.

तिने सगळ्या डब्या तपासल्या. शहरातले पंधरा पुरुष ठणठणीत पुरुष निघाले. मग बोरदरीची पाळी आली. पहिला पुरुष बाई. दुसरा बाई. तिसरा, चौथा, पाचवा बाई. अठरा पुरुषांपैकी सतरा बाया! अख्ख्या बोरदरीत पुरुष एकच, आणि तो म्हणजे ग्यानोबा.

तिने सरांना सांगितलं. सरांनी पेढ्यांचं रिकामं खोकं बाजूला सारलं.

"म्हणजे एकेका बाईच्याच दोन डब्या," ते म्हणाले. "सारखं येणारच की. पेपर तर जवळजवळ लिहून झालाय गं. आता काय करायचं?"

"खरं काय ते करायचं, सर. शहरातल्या काहींनी माघार घेतली होती. वीस डब्या शिल्लक आहेत. पुरुषांकडून पुन्हा घेते."

"देतील?"

"नाही दिलं तर माझी पीएचडी बोरदरीच्या नाल्यात गेली म्हणा."

दुसऱ्याच दिवशी ती बोरदरीला पोचली. डब्या गोळा करणारी गावची आशासेविका निता तिला फाट्यावरच भेटली. ऐकल्यावर निताने कपाळावर हात मारला.

"अगं माय! मॅडम, त्या दिवशी बाजार होता ना. गडीमाणसं पहाटंच जवळ्याला गेलती. मी बायांकडून जोडीजोडीनं डब्या घेतल्या. मला वाटलं, जाताना भरून गेले."

वाटेत माणिकरावांचं घर लागलं. माणिकराव म्हणजे माजी सरपंच, चाळीस एकराचे धनी. मागच्या महिन्यात पल्लवीने प्रत्येकाला त्याच्या निर्देशांकाचा कागद दिला होता. माणिकरावांचा चार पूर्णांक दोन, गावात सगळ्यात जास्त. त्यांनी तो चक्क फ्रेम करून बैठकीत लावला होता, सत्काराच्या फोटोशेजारी. आल्यागेल्याला दाखवत होते.

"या मॅडम! बघा, आमचं पोट जिल्ह्यात पहिलं!"

"काका, ते मार्क नाहीत हो," पल्लवी म्हणाली. "बाजार कसा असतो? दुकानं नाना तऱ्हेची हवीत आणि एकानेच सगळी जागा अडवायला नको. तेवढंच तो आकडा सांगतो. दुकानदार चांगला की लबाड, ते नाही सांगत. आणि..." पुढचं तिच्या तोंडून निघेना. "आणि संध्याकाळी समाजमंदिरात या. सगळ्यांनाच बोलवलंय."

त्याआधी ती ग्यानोबाकडे गेली. ग्यानोबा किडकिडीत माणूस. घरात पाणी भरतो, भाकरी थापतो, मिराबाईची लुगडीसुद्धा धुतो. त्यामुळे सगळं गाव त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून चिडवायचं. पारावर तो आला की कुणीतरी म्याव करायचंच.

"काका, डबी तुम्हीच भरली होती ना?"

ग्यानोबा घाबरला. "व्हय. काहून? चुकलं का काई? मी हिला म्हणलो, तूच भर माझीबी, मला लाज वाटून राहिली. तर ही म्हणली..."

"म्या म्हणलं, ज्याचं त्यानं भरावं," मिराबाई चुलीजवळून कडाडली. "जेवायला सोताचं तोंड लागते, मंग ह्याला बाईमाणूस काहून लागते?"

पल्लवीला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी समाजमंदिर भरलं. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीकडेला. पल्लवीने कुणाचंही नाव घेतलं नाही. फक्त सांगितलं, की माणसाच्या डीएनएवरून बाई की पुरुष ते कळतं आणि पुरुषांच्या म्हणून दिलेल्या अठरा डब्यांपैकी सतरा बायकांच्या निघाल्या.

भिंतीकडून कुणीतरी पदर तोंडात कोंबून फिस्सकन हसलं.

"मशीन खराब असंल तुमची," माणिकराव म्हणाले.

"मशीनने शहरातले पंधरा बरोबर ओळखले, काका."

"मंग अठरावा कोन?" मागून कुणीतरी विचारलं.

नाव सांगायचा पल्लवीला हक्क नव्हता. पण ग्यानोबा हळूच उठला. धोतर झटकलं, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत बोलला.

"मी."

आणि खाली बसला. काय हसली माणसं! बाया तर एकमेकींच्या अंगावर पडल्या. "मांजर न्हाई रे, बोका निघाला!" कुणीतरी ओरडलं. माणिकराव मात्र लालबुंद होऊन उठले.

"आमी काई पुन्हा डबीबिबी देनार न्हाई. थट्टा लावली का?"

ते निघाले, तसे आणखी पाचसहा उठले. चार वर्षांची मेहनत जोडे घालून दारातून निघाली होती. डोळ्यांत पाणी आलं, तेही तिने लपवलं नाही.

"बसा," भिंतीकडून आवाज आला. माणिकरावांची बायको मंजुळाबाई उभी राहिली होती. "पोरगी रडून राहिली अन् तुमाला रागाची पडली. काहून भरली म्या तुमची डबी? तुमीच म्हणले, तूच भर. तुमच्या बीपीच्या गोळ्या म्याच ध्यानात ठेवायच्या, तुमचा उपास म्याच धरायचा, तुमच्या सोयऱ्यायच्या मौतीला तुमच्या वतीनं म्याच रडायला जायचं. म्हणलं, हेबी मीच करायचं असंल. आता उद्या सकाळी डबी सोता भरा. तवर चहा न्हाई."

"आमच्या घरीबी न्हाई," दुसरी म्हणाली. बघता बघता सतरा चुली बंद झाल्या.

सकाळी साडेसहाला निताच्या ओट्यापुढे रांग लागली. उपरण्याने तोंडं झाकलेली, डब्या सदऱ्याखाली दडवलेल्या. खुर्ची टाकून ग्यानोबा बसलेला, हातात यादी.

"सोताचीच हाय ना?" तो प्रत्येकाला विचारत होता.

"व्हय बाबा, व्हय!"

"बराबर झाकण लावलं का? हलवली का? पुढं चला." माणिकराव शेवटी आले. ग्यानोबाने त्यांनाही विचारलं, जरा जास्तच मोठ्याने.

सात आठवड्यांनी निकाल आले. सतराच्या सतरा पुरुष. जोडप्यांतलं अंतर आता शहरातल्यासारखंच, शून्य पूर्णांक पाचच्या आगेमागे. परक्या दोघांपेक्षा नवरा-बायको थोडे जवळचे, पण अगदी थोडे. जगावेगळं काही नव्हतं. बायकांच्या दोन-दोन डब्यांवरून मात्र एक पक्कं झालं, की पल्लवीची मोजण्याची पद्धत चोख आहे. सर हळहळले, पण शेवटी म्हणाले, "लहान आहे, पण खरं आहे. लिही." या वेळी पेढे पल्लवीने आणले.

नवे कागद वाटायला ती बोरदरीला गेली. माणिकरावांचा आकडा दोन पूर्णांक आठ.

"एवढा कमी?" त्यांचा चेहरा उतरला.

"काका, आकडा कमी म्हणजे आजारीच असं नाही. पण जिवाणूंचे बरेच प्रकार गायब आहेत आणि दोघातिघांनी जागा अडवलीय. गोळ्या फार घेता का?"

"सर्दी झाली की मेडिकलवाला देते. अँटिबायोटिक म्हणते तो."

"कितीदा?"

"महिन्याला," उत्तर मंजुळाबाईने दिलं. तेही तिच्याच ध्यानात होतं. पल्लवीने यापुढे डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, असं बजावलं. माणिकरावांनी मान डोलावली. मग ते उठले, भिंतीवरची चार पूर्णांक दोनची फ्रेम काढली आणि मांडीवर घेऊन बसले.

त्या भिंतीवर माणिकरावांचे पाच सत्कार होते, पोराची पदवी होती, बैलाला मिळालेलं प्रमाणपत्रसुद्धा होतं. मंजुळाबाईचं काहीच नव्हतं. हे पल्लवीच्या आत्ता ध्यानात आलं, आणि माणिकरावांच्याही आलं असावं. त्यांनी फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढला, कागद बाहेर घेतला, खिशातल्या पेनाने स्वतःच्या नावावर काट मारली आणि वर ठसठशीत अक्षरात बायकोचं नाव लिहिलं.

मग त्यांनी फ्रेम पुन्हा खिळ्याला अडकवली. मंजुळाबाई चहाचे कप घेऊन आली, थांबली, मान वाकडी करून बघितलं.

"जरा वर लावा," ती म्हणाली. "दारातून दिसलं पाह्यजे."