वीस टक्क्यांचा पाय

गांधीबागेतल्या साडीच्या दुकानात चंद्रभान लांजेवार गादीवर बसला की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नसे. ऐटीत मांडी घालायची, एका झटक्यात पातळ पसरायचे आणि म्हणायचे, "बाई, हा रंग कारागिरानं तुमालेच पाहून काढला जी!" सोळा वर्षे हे चालले. शेट गल्ल्यावर बसून नुसते पान चघळत.

मग शहात्तर सालच्या दिवाळीआधी एका मालट्रकने चंद्रभानची सायकल उडवली. उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडले. सहा आठवडे पायाला वजन बांधून पलंगावर पडायचे, मग प्लास्टर, मग गुडघा वाकवण्याचे व्यायाम. व्यायाम करताना तो इतका ओरडायचा की शेजारच्या खाटेवरचा माणूस आपले दुखणे विसरायचा. हाड जुळले. गुडघा मात्र सत्तर अंशांवर येऊन अडला, तो अडलाच.

चालता यायचे. उभे राहता यायचे. मांडी घालून बसणे तेवढे कायमचे गेले. आता याने काय बिघडते, असे तुम्हाला वाटेल. चंद्रभानलाही वाटले होते. तो गादीवर परतला, उजवा पाय सरळ लांब केला आणि साडी उलगडली. समोरची म्हातारी लग्नाचा बस्ता बांधायला आलेली. ती म्हणाली, "हा मेला मले पाय दाखवून राहिला!" आणि पाच सुनांसकट उठून शेजारच्या दुकानात गेली.

शेटनी चंद्रभानला डावीकडे तोंड करून बसवले, तर पाय लक्ष्मीच्या तसबिरीकडे गेला. शेटनी घाईघाईने कान पकडले. उजवीकडे वळवले, तर पाय थेट शेटकडेच. गादीला चौथी बाजू होती ती भिंत, आणि भिंत काही साडी घेत नाही. आठवड्याभरात चंद्रभान मागच्या गोदामात उभ्याने गठ्ठे मोजू लागला, निम्म्या पगारावर. तिथे पहिल्या दिवशी तो गठ्ठ्यांआड जाऊन रडला. हे त्याने बायकोलाही सांगितले नाही.

पण मनात एक बेत होता. शहराच्या महाल भागात एक दुकानगाळा मिळत होता. तिथे गादी मांडायचीच नाही. उंच लाकडी काउंटर ठोकायचा, मागे स्टूल ठेवायचा आणि साड्या उभ्याने विकायच्या. पागडीचे पैसे मात्र ट्रकच्या विमा कंपनीकडून यायला हवे होते. म्हणून तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा घातलेला.

दाव्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. ज्यांनी हाड जोडले त्या डॉक्टर मुकुंद घाट्यांनी तो लिहिला: कुठले हाड मोडले, काय उपचार केले, गुडघा किती अंश वाकतो, आणि शेवटी, उजव्या पायाचे कायमचे अपंगत्व वीस टक्के. चार महिन्यांचे ओरडणे अकरा ओळींत बसले.

"वीस?" चंद्रभानची बायको पंचफुला कडाडली. "मॅट्रिकले पस्तीस लागतात पास व्हाले! आपन तं लंगडेपनातबी नापास!"

त्यांचे वकील मधुकरराव दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. चाळीस करा, निदान पस्तीस करा, अशी गळ घातली. डॉक्टर घाटे अंगाने भरलेले आणि रागाने त्याहून भरलेले होते.

"मी गुडघा मोजतो, भाव करत नाही," ते म्हणाले. "कोर्टात बोलवा. जे मोजलं तेच सांगेन."

कोर्टात बोलावलेच. दाखला सिद्ध करायला लिहिणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमधली दुपार, वर पंखा कुरकुरत होता. चंद्रभान बाकावर पाय लांब करून बसला, पण सवयीने त्यावर धोतराचा सोगा ओढून.

विमा कंपनीचे वकील उलटतपासणीला उठले. गोड माणूस, असेच वकील घात करतात.

"डॉक्टर, अर्जदार काठीशिवाय चालतो?"

"चालतो."

"तासन्‌तास उभा राहू शकतो?"

"हो."

"खुर्चीवर बसू शकतो?"

"बसतो की."

"हे वीस टक्के एका पायाचे, सगळ्या शरीराचे नव्हेत?"

"तसंच लिहिलंय. वाचा."

"हाताला, जिभेला काही इजा?"

"जिभेला हाड नसतं," डॉक्टर गुरगुरले.

वकील न्यायाधीशांकडे वळले. "म्हणजे पाहा साहेब, साडी विकायला हात आणि जीभ लागते. पायाचं काय काम? गादीवर हा पाय लांब करून बसू शकतो. पगार कमी केला ही शेटची मर्जी. त्याचा भुर्दंड कंपनीला कशाला?"

महालातला काउंटर चंद्रभानच्या डोळ्यांसमोरून उचलून नेल्यासारखे झाले. मधुकरराव कागद चाळू लागले. ते कागद चाळू लागले की उत्तर सुचलेले नाही हे पंचफुलाला आता कळत असे.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "डॉक्टर, सत्तर अंश म्हणजे नेमकं किती? पाय लांब करून तो सोयीनं बसू शकतो का?"

डॉक्टर आधीच तापलेले. "सांगून कळायचं नाही. दाखवतो." परवानगी मिळायच्या आत ते पिंजऱ्यातून उतरले आणि कोर्टातल्या सतरंजीवर धपकन बसले. डावा पाय कसाबसा मुडपला. उजवा गुडघा अर्धवट वाकवला. "इतकाच. याच्यापुढे वाकत नाही." आणि मग पाय सरळ लांब केला. "बसायचं म्हणजे असं. बस."

त्यांचा दहा नंबरी काळा बूट, तळव्याला चिकटलेल्या शेणासकट, थेट न्यायासनाकडे रोखला गेला.

न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडली. "डॉक्टर, पाय जरा तिकडे करा."

डॉक्टरांनी पाय डावीकडे वळवला. तिथे कंपनीचे वकील होते. ते दोन पावले मागे सरकले. डॉक्टरांनी उजवीकडे वळवला. तिकडून मधुकरराव म्हणाले, "अहो, इकडे नको!"

तेवढ्यात बाकावरून चंद्रभान हात जोडून उठला. बोलायची त्याची पाळी नव्हती, पण राहवले नाही.

"सायेब, आमचे शेटबी हेच म्हनले होते जी."

कोर्टात कोणी हसले नाही, हे विशेष. न्यायाधीशांनी पेन उचलले आणि बराच वेळ लिहीत राहिले. डॉक्टरांना उठवायला शिपाई आणि मधुकरराव दोघे लागले.

"तुमचेही गुडघे वीस टक्केच दिसतात," कंपनीचे वकील चेष्टेने म्हणाले.

"तीस असतील," धापा टाकत डॉक्टर म्हणाले. "पण मला जमिनीवर बसायचा पगार मिळत नाही. त्याला मिळत होता."

हे वाक्यही न्यायाधीशांनी उतरवून घेतले. निकालात त्यांनी लिहिले की डॉक्टरांचे वीस टक्के मान्य आहेत. ते पायाचे आहेत. कमाई किती बुडाली हे ठरवणे न्यायाधिकरणाचे काम, आणि या माणसाची कमाई निम्मी, म्हणजे पन्नास टक्के बुडाली आहे. पंचफुलाला टक्क्यांतले बाकी काही कळले नाही. पन्नास मात्र लगेच कळले.

"पास झाले वं माय!" ती कोर्टाच्या पायरीवरच म्हणाली.

कंपनीकडून पैसे आले, गाळा घेतला. महालातल्या दुकानात पहिल्या दिवशी डॉक्टर घाटे बायकोसाठी साडी घ्यायला आले. चंद्रभानने त्यांना बसायला स्वतःचे स्टूल दिले आणि आपण उभ्याने साडी उलगडली, तशाच एका झटक्यात. काउंटरच्या आड उजवा पाय त्याने खुशाल लांब टाकला होता. काउंटर चांगला कमरेएवढा उंच होता. कुणालाच काही दिसत नव्हते.