खुंटीवरचा टॉवेल

धाकटीचे पाय वाचतील तर माझ्यामुळेच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहोत. ती यंत्रांवर, मी मुकादम. तिला साखरेचा आजार. गेल्या पावसाळ्यात तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात बुरशी झाली, कातडी चिरली, चिरेतून जंतू शिरले आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला. ज्या चादरी ती धुते, त्याच चादरींवर दहा दिवस पडून राहिली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चीर पडली, तर ओल्यातलं काम बंद."

"घरी बसवलंत तर वेड लागेल मला," धाकटी म्हणाली. खरंच लागलं असतं. त्या यंत्रांशी ती माझ्या दिरापेक्षा जास्त बोलते.

म्हणून या पावसाळ्यात मी कंबर कसली. आमच्याकडे फरशी कधी कोरडी नसते, गमबुटांत घामाचं डबकं होतं. मी साहेबांशी भांडून प्रत्येकीला बुटांचे दोन जोड मिळवले. एक घालायचा, दुसरा वाळायचा. जेवणाच्या सुट्टीत बूट काढायचे, पाय धुवायचे, एकेक बेचकं टिपून घ्यायचं आणि कोरडे सुती मोजे चढवायचे. प्लास्टिकच्या एप्रनखाली घाम साचतो, म्हणून छातीखाली, काखेत, जांघेतही घरी जाऊन अंघोळीनंतर कोरडं करायचं. घासायचं नाही, टिपायचं. ओल्या कातडीवर पावडर थापली तर तिचा चिखल होतो, हेही मी सगळ्यांना ऐकवलं. एकीने सुचवलं, ड्रायरसमोर पाय धरू या. "साखरेमुळे धाकटीच्या पायाला चटका कळत नाही, भाजून काढायचंय का तिला?" मी तिच्यावर अशी डाफरले की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पाय पुसायला खुंटीवर मोठा टॉवेल टांगला. मुकादम म्हणून पहिला मान माझा. मग धाकटी, मग बाकीच्या. संध्याकाळी तो ड्रायरमध्ये टाकायचा, पापडासारखा कडकडीत निघायचा. मला त्याचा भारी अभिमान होता.

महिन्याभरात धाकटीच्या करंगळीजवळचं बेचकं पांढरं पडलं.

"घरी पाय पुसत नसशील!" मी ओरडले.

"तुम्ही सांगितलं तस्संच करते हो, जाऊबाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला तशीच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी बोटं फाकवून पाहिली. चीर पडली नव्हती. मग काय काय करता ते विचारलं. मी बूट, मोजे, सगळं छाती फुगवून सांगितलं.

"टॉवेल?"

"एकच आहे. रोज ड्रायरमधून काढते."

"धुता कधी?"

हजार चादरी धुणाऱ्या बायका आम्ही, आणि तो टॉवेल एकदाही धुतला नव्हता. ड्रायरमधून निघालं ते स्वच्छ, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण आमच्या चादरी आधी उकळत्या पाण्यातून जातात, हे मीच विसरले होते.

"नुसतं वाळवून बुरशी जाईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आधी कोण पुसतं?"

"मी."

"तुमचे पाय दाखवा."

माझ्या बेचक्यांत वर्षानुवर्षं साल निघते. पाण्यातलं काम, चालायचंच, असं म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी एकदा पाहिलं आणि दोघींना एकच मलम लिहून दिलं. म्हणजे तिच्या पायांची राखण करता करता रोज दुपारी मीच माझी बुरशी तिच्या हातात देत होते. बाहेर बाकावर बसून मी तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा.

आता प्रत्येकीचा नॅपकिन वेगळा आहे, कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा शिवलेला, आणि रोज चादरींबरोबर गरम पाण्यात धुतलेला. खाज थांबली तरी मलम आम्ही डॉक्टरीणबाईंनी सांगितले तितके आठवडे लावलं. पाऊस सरला तेव्हा त्यांनी धाकटीचं एकेक बेचकं पाहिलं आणि म्हणाल्या, "काम चालू ठेवा."

अजूनही जेवणाच्या सुट्टीत बूट काढले की सगळ्याजणी तपासणीसाठी माझ्याकडे पाय करतात. धाकटी तेवढी करत नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते आणि म्हणते, "जाऊबाई, आधी तुमचे."

मी मुकाट्याने बोटं फाकवून दाखवते.