चढावरचा लाल दिवा

सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती, आणि निवृत्तीनंतरही ती त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. टेकडीवरच्या हॉटेलाच्या चादरी धुण्याचं काम सुनेला पहिल्यांदाच मिळालं होतं. दुपारच्या आत माल पोचला नाही, तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं. गाडी तिची, काम तिचं. पण "चढ आहे, तुला झेपायचा नाही," म्हणत स्टीअरिंगवर बसले सासरे!

मागे गठ्ठे छपरापर्यंत. अर्ध्या चढावर वाहनांची रांग अडली. सासऱ्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरली, बस हाफ क्लचवर धरायचे तशी. चेहऱ्यावर रुबाब असा, की विचारू नका.

डॅशबोर्डावर लाल दिवा लागला. खाली अक्षरं उमटली: गिअरबॉक्स गरम, गाडी थांबवा.

"बाबा, ब्रेक दाबा. ही ऑटोमॅटिक आहे, हिच्यात क्लच नाही, गिअरबॉक्समध्ये पट्टा आहे. एवढं ओझं घेऊन अशी धरलीत तर आतलं तेल तापतं. पट्टा घसरायला लागला की संपलंच."

"असल्या दिव्यांना मी भीक घालत नाही."

"मी घालते. गाडी बाजूला घ्या."

या आवाजात त्यांच्याशी घरात कुणी बोललं नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तणतणत बंद करायला हात पुढे केला. तिने तो अडवला.

"चालूच राहू द्या. पार्कमध्ये टाका, हँडब्रेक ओढा. इंजिन फिरलं तर तेल फिरेल, तरच निवेल."

तेवढ्यात हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. तिने सरळ सांगितलं, "अर्धा माल वेळेत येतोय, अर्धा नंतर. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

पलीकडून उत्तर आलं, "बरं, आणा."

दिवा विझेपर्यंत तिने निम्मे गठ्ठे कडेच्या कठड्यावर रचले. "बाबा, उतरा. वजन कमी करायचंय."

"म्हणजे मी ओझं?"

"आत्ता तरी हो. गठ्ठ्यांवर लक्ष ठेवा."

"बस चालवणाऱ्या माणसाला रस्त्यात उतरवतेस?"

"उतरवते," ती म्हणाली आणि स्टीअरिंगवर बसली. आरशात सासरे लहान लहान होत गेले. तिला वाईट वाटलं, पण गाडी वळवावी इतकं नाही.

अर्धा माल वेळेत पोचला. ती परतली तेव्हा सासरे गठ्ठ्यांशेजारी ताटकळत उभे होते. चादरी चुरगळतील म्हणून टेकलेसुद्धा नव्हते. त्यांनी गठ्ठे गाडीत भरले आणि न सांगता तिच्या शेजारच्या सीटवर बसले.

"लागला का परत दिवा?"

"नाही."

पुढच्याच वळणावर रांग पुन्हा अडली. तिने ब्रेक दाबला. सहज बाजूला पाहिलं, तर सासऱ्यांनीही उजवा पाय समोर घट्ट रोवला होता, जिथे ब्रेक नव्हताच.

तिने हसू लपवलं नाही.