बटरच्या कागदातलं मार्गारिन

आहारतज्ज्ञ अनुष्कानं विचारलं, "काका, आधी घरात स्निग्ध पदार्थ काय काय असायचे?" आणि माझे बाबा, कृष्णकांत, वय पंचाहत्तर, हृदयात दोन स्टेंट, खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "बटर! आमच्या सुनीतानं मला पंचवीस वर्षं रोज ब्रेडला बटर लावून दिलं. लाडानं मारलं म्हणा की."

ते हसले. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि करंजाड्याहून रिक्षानं पनवेलच्या दवाखान्यात येऊन हा माणूस तिच्यावर ठपका ठेवत होता. मी आईला शब्द दिला होता की बाबांना कधीही सांगणार नाही. तो त्या क्षणी मोडला.

"ते बटर नव्हतंच," मी म्हणाले. "मार्गारिन होतं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर दवाखान्यात त्यांना शिवी दिली होती. मार्गारिन हा त्यांच्या लेखी बेकरीवाल्यांचा माल. पण आजोबा हार्ट अटॅकनं गेले तेव्हा आईनं कुठल्याशा मासिकात वाचलं की वनस्पती तेलापासून केलेल्या मार्गारिनमध्ये कोलेस्टेरॉल नसतं. बाबा ते खाणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून बटरचा कागद ती धुऊन, वाळवून ठेवायची. रविवारी बाबा भाजी आणायला गेले की मी मार्गारिनची वडी त्या कागदात बसवायचे आणि कडा नीट दुमडायचे. दहा वर्षांची होते मी. आईच्या कटात सामील असण्याचा इतका अभिमान मला नंतर कशाचाच वाटला नाही.

"म्हणजे तिनं माझं हृदय जपलं," बाबा हळूच म्हणाले.

इथेच गप्प बसावं की नाही! पण मला सगळं स्वच्छ हवं असतं. मी अनुष्काकडे पाहिलं, आणि ती बिचारी खरं बोलली. त्या काळातल्या घट्ट मार्गारिनमध्ये बहुधा अर्धवट हायड्रोजनेट केलेलं तेल असायचं, म्हणजे ट्रान्स फॅट. ते बटरपेक्षाही वाईट. "पण तेव्हा वेष्टणावर तसं लिहायचेच नाहीत. काकूंना कळणार कसं?"

मला रडू आलं. आईचं नाव राखायला गेले आणि तिच्या हातूनच विष घातल्यासारखं करून ठेवलं.

घरी जाताना ते म्हणाले, "दुकानात थांब." फ्रीजसमोर उभे राहून त्यांनी भिंग काढलं. अनुष्कानं बजावलं होतं, समोरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागचा शंभर ग्रॅमचा रकाना वाचा. बटरमध्ये सॅच्युरेटेड फॅट एक्कावन्न ग्रॅम. घट्ट मार्गारिनमध्ये कोलेस्टेरॉल शून्य, ट्रान्स फॅटही आता नावापुरतं, पण पाम तेलामुळे सॅच्युरेटेड चाळीसच्या घरात. टबमधल्या मऊ मार्गारिनमध्ये पंधरा.

"मग हाच घेऊ. केकही यातच कर," बाबा म्हणाले.

"यात फॅट साठ टक्केच आहे, बाकी बरंचसं पाणी. केक फुगणार नाही, बसेल. हा ब्रेडला, तोही जरासाच. केक वर्षातून एकदा, तर बटरचाच करू. छोटा तुकडा खा."

"गेल्या रविवारी केलास तो बटरचाच होता?"

"हो."

"तरीच सुनीताच्या केकसारखा लागला नाही." ते थांबले. "म्हणजे तिच्या केकमध्येही..."

"मार्गारिनच."

"अगं, पण दर वाढदिवसाला मी चार लोकांना सांगायचो, अस्सल बटरशिवाय असा केक होणं शक्य नाही! ती काय करायची तेव्हा?"

"आत यायची. ओट्याला टेकून, तोंडात पदर कोंबून हसायची. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण."

बाबा आधी जोरात हसले. शेजारची बाई वळून बघायला लागली. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"इतकी वर्षं तिच्याबरोबर संसार केला," ते म्हणाले, "आणि तिला असं हसताना मी एकदाही पाहिलं नाही, रेवा."