सोडलेल्या प्रश्नाला गुण कापत नाहीत

वरचा उजवा सुळा. शेड ए-थ्री. पेशंट शुक्रवारी येणार, घाई आहे.

वय मोजायची तारीख सगळ्यांसाठी एकच असते. त्या दिवशी बत्तीस पूर्ण झालेली असतील तर अर्ज भरता येत नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा.

पोर्सेलीन भट्टीत आक्रसतं, म्हणून दात आधी मोठाच घडवतात.

चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. सोडलेल्या प्रश्नाला काहीच कापत नाहीत.

आई फोनवर विचारते, जेवलीस का. तिला विचारायचं असतं दुसरंच.

मामांना हल्ली दिव्याभोवती कडं दिसतं. ते म्हणतात, बल्ब स्वस्तातला आहे.

*

हे सगळं एकाच मुलीच्या आयुष्यातलं आहे. मुलगी म्हणायचं, पण वय एकतीस. दंततंत्राचा डिप्लोमा केलेला. दवाखान्यातून दातांची मापं येतात, त्यांवरून साचे ओतायचे, मेणाचा दात घडवायचा, धातूची टोपी करायची, तिच्यावर पोर्सेलीनचे थर द्यायचे आणि भट्टीत भाजायचं, हे तिचं काम. लॅब मामांची. दोन खोल्या, खिडकीला उत्तरेचा उजेड, सगळ्या वस्तूंवर प्लॅस्टरची पांढरी पूड. मामा आणि ती, बस्स. सकाळी अभ्यास, दुपारी दात.

तिच्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी नोकऱ्या सोडून स्पर्धा परीक्षेची तयारी केली. काही साहेब झाले. काही अजून तयारीच करतायत आणि आता नोकरी मागायला गेले की आठ वर्षं काय करत होता, असं विचारतात. तिने लॅब सोडली नाही. त्यामुळे ती साहेब झाली नाही, पण तिला कुणी काही विचारलंही नाही.

"दोन दगडांवर पाय ठेवलाय पोरीने," मामी म्हणायच्या.

"मग एकाच दगडावर उभं राहून नदी कशी ओलांडतात, दाखव मला," मामा म्हणायचे.

मामा तिला 'साहेब' म्हणतात. पहिल्या प्रीलिमपासून. तेव्हा कौतुकाने म्हणायचे, मधल्या काळात चिडवायला, आणि या वर्षी म्हणताना जरा जपून.

*

खालील विधाने वाचा.

एक : परीक्षेचे एकूण सहा अटेम्प्ट मिळतात. तिचे चार झाले.

दोन : नुसता अर्ज भरला म्हणून अटेम्प्ट मोजला जात नाही. एका तरी पेपरला बसलात की मोजला जातो.

तीन : म्हणून तयारी कच्ची असेल तर त्या वर्षी घरी बसावं. अटेम्प्ट वाचतो.

वरीलपैकी कोणती विधाने योग्य आहेत?

तिन्ही. आणि तिन्ही योग्य धरून तिने मागचं वर्ष घालवलं.

मागच्या वर्षी प्रीलिमच्या आधी लॅबमध्ये कामाचा ढीग पडला होता. दुसरी लॅब बंद झाली आणि त्या लॅबचे डॉक्टर मामांकडे आले. अभ्यास मागे पडला. मामा म्हणाले, "साहेब, अर्धा शिजलेला भात वाढू नये. राहू दे शिल्लक एक." मामांना शिल्लक टाकायची सवय. ते घासलेल्या धातूची पूडसुद्धा डबीत जमवतात. तिलाही पटलं. इतकी वर्षं तिने एकच गोष्ट घोटली होती : येत नसेल तो प्रश्न सोडून द्या, दंड नाही. तिने अख्खं वर्ष एका प्रश्नासारखं सोडून दिलं.

मग या वर्षीची जाहिरात आली. दोघं भट्टीशेजारी उभं राहून वाचत होते. तिने बोटांवर मोजलं. परत मोजलं.

"मामा, अटेम्प्ट दोन शिल्लक आहेत."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"वर्ष एकच शिल्लक आहे. पुढच्या वर्षीच्या तारखेला मला बत्तीस पूर्ण झालेली असतील."

भट्टीची शिट्टी वाजली तरी मामांनी दार उघडलं नाही. दोघंही अटेम्प्ट मोजत बसले होते, वाढदिवस कुणी मोजलेच नव्हते.

"दात आहेत तर चणे नाहीत," मामी आतून म्हणाल्या. मामींना म्हणी सुचतात त्या नेमक्या नको तेव्हा.

*

दुसऱ्या दिवशी मामांनी तिला लॅबमधून काढून टाकलं.

"पगार घरी येईल. तू अभ्यासिकेत बस. प्रीलिमपर्यंत इथे भट्टीजवळ दिसलीस तर तुलाच भाजीन."

"आणि दातांच्या रंगाची शेड कोण लावणार?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हा कोण लावत होतं?"

तिने ऐकलं. तीन महिने ती सकाळ-दुपार अभ्यासिकेत बसली. पहिल्यांदाच पूर्णवेळ विद्यार्थी. नकाशे पाठ झाले, कलमं पाठ झाली, सराव पेपरात गुण वाढले. दुपारी हात मात्र रिकामे वाटायचे. खोडरबर कोरून तिने एक दाढ केली, बऱ्यापैकी जमली.

मग चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मामांच्या लॅबला सगळ्यात जास्त काम देणाऱ्या याच.

"अगं, तू आजारी आहेस का?"

"नाही मॅडम, अभ्यास चाललाय."

"मग मामांना विचार, हे काय चाललंय. समोरचा दात आहे, हसताना दिसणारा. पेशंट म्हणतो, चहात बुडवून पाठवलाय का? या महिन्यात तिसरा परत पाठवतेय मी. मामांशी तीस वर्षांचे संबंध आहेत, म्हणून तुला फोन केला. नाहीतर सरळ दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली असती."

ती तशीच उठून लॅबमध्ये गेली. मामा खिडकीशी बसून परत आलेला दात शेडच्या पट्टीवर धरून बघत होते. पट्टीवर सोळा दात, पांढऱ्यापासून करड्यापर्यंत.

"साहेब! भाजू का?"

"यातला ए-वन कुठला?"

मामांनी ए-थ्रीवर बोट ठेवलं.

लगेच स्वतःच ते उचललं आणि शेजारच्या दातावर ठेवलं. मग त्याच्या शेजारच्या.

"मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडे. उजवा पिकलाय. सगळं जरा पिवळं दिसतं. तसं छान दिसतं, उन्हाळ्यासारखं."

"ऑपरेशन?"

"करायचंय की. तुझी परीक्षा झाली की. आत्ता केलं तर महिनाभर धुळीत बसता येणार नाही. लॅब कोण बघेल? आणि घाई कसली? डोळा कुठे पळून जातोय?"

"राहू दे शिल्लक, असंच ना?"

मामांना ते लागलं. त्यांनी पट्टी ठेवली, चष्मा काढला, पुसला. पुसून काही उपयोग नव्हता.

"ती चूक माझी होती, साहेब. म्हणून म्हणतो, या वेळी तू मध्ये पडू नकोस."

"चूक दोघांची होती. आणि मामा, मला एक सांग. शेकड्यांनी जागा, लाखांनी उमेदवार. माझं झालं तर उत्तम. नाही झालं तर मी परत कुठे येणार?"

"इथेच. अजून कुठे?"

"इथे म्हणजे कुठे? दात परत येतायत, डॉक्टर निघालेत. माझ्या अभ्यासासाठी तू माझी परत यायची जागाच मोडायला काढलीयेस. डोळे मिटून."

"उघडे ठेवून. दिसत नाही एवढंच," मामा म्हणाले. मग दोघंही हसले, कारण दुसरं काय करणार.

*

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. प्रीलिमला पाच आठवडे होते. त्यातले चार तिने लॅबमध्ये काढले.

तो महिना कशाच्या बदल्यात गेला, हे तिला नीट माहीत होतं. उजळणीच्या महिन्यातच गुण वाढतात. तिने तो महिना उजळणीतून काढून दातांना दिला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, शेड मी स्वतः येऊन बघते. गेली, पेशंटला खिडकीकडे तोंड करून बसवलं, ओठ कोरडे व्हायच्या आत रंग टिपला. तिन्ही दात नव्याने केले.

संध्याकाळी मामा काळा गॉगल लावून खुर्चीत बसायचे आणि ती मेण कोरता कोरता त्यांना प्रश्न विचारायची. म्हणजे स्वतःलाच.

"राज्यपालांचा अध्यादेश किती काळ टिकतो?"

"मामीच्या अध्यादेशापेक्षा कमीच."

"मामा."

"सभागृह भरल्यावर सहा आठवडे. कालच म्हणालीस की."

महिनाअखेरीस मामांना अर्धी राज्यघटना येत होती. मामी म्हणाल्या, "आता यांनाच बसवा परीक्षेला." मामा म्हणाले, "वय मोजायच्या तारखेला बसत नाही गं, तीस वर्षांनी हुकलो."

*

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागणार नाही. ती प्रीलिम पास झाली, काठावर. मेन्स तिने दिली, नऊ पेपर, मनगटाला पट्टी बांधून. मुलाखतीच्या यादीत तिचा क्रमांक नव्हता. त्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंकडून चार दातांच्या ब्रिजचं माप आलं आणि तिने साचा ओतला. साचा ओतताना रडली. प्लॅस्टर लवकर सेट होतं, म्हणून मध्ये थांबली नाही. मामांनी शेजारी बसून ट्रे धरला.

एक अटेम्प्ट शिल्लक राहिला. त्याचं काहीच करता येत नाही.

*

प्रीलिमची सकाळ. केंद्र म्हणजे एक शाळा, फाटकावर पोलीस, फाटकाबाहेर आईबाप आणि पाण्याच्या बाटल्या. मामा हट्टाने आले होते, गॉगल लावून. दोन जणांना ते परीक्षा घेणारे अधिकारीच वाटले.

"तयारी कशी आहे?" मामांनी विचारलं.

"मागच्या वर्षीपेक्षा कच्ची."

"हं."

"या वेळी नाही का म्हणणार, राहू दे एक शिल्लक?"

"ठेव की. लोणचं घालू."

ती हसली. मामांनी तिच्या बाहीवरची प्लॅस्टरची पूड झटकली. पूड निघाली नाही, कधीच निघत नाही.

"मामा, ते समोरचं पोस्टर कुठल्या रंगाचं आहे?"

"निळं." मामांनी गॉगल वर केला. "फार निळं आहे गं. काय एवढं निळं असतं?"

"असतं."

"जा आता. फाटक बंद करतील. आणि नाही येत ते सोड."

"नाही," ती म्हणाली, "या वेळी दोन पर्यायांतला एक ठोकणार." आणि ती आत गेली. बाकावर बसून तिने हजेरीपटावर सही केली, आणि त्या क्षणी पाचवा अटेम्प्ट मोजला गेला.

*

मागच्या वर्षीचा, सोडून दिलेला पेपर तिने तेव्हाच, परीक्षा झाली त्याच आठवड्यात, लॅबमध्ये बसून सोडवला होता. घड्याळ मामांनी लावलं होतं, उत्तरं मामांनी तपासली होती, आणि पास व्हायचा कटऑफ लागला तेव्हा ती अकरा गुणांनी वर होती.